खानदेशातलं एम.ए. आणि ऑन्टारिओचा परवाना: समुपदेशकांसाठी पायरी पायरीने

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: "ताई, आपलं एम.ए. सायकॉलॉजी तिकडे चालतं का?" मी ही सगळी प्रक्रिया कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पार केली आहे, म्हणून सरळ उत्तर देते. पदवीची पातळी बहुतेक वेळा चालते. पदवीत शिकवलेला मजकूर बहुतेक वेळा पुरत नाही. आणि माणसं खरी अडतात ती या दोन्हींवर नाही, तर सुपरव्हिजनच्या, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या केसेसवर ठरवून बोलण्याच्या तासांवर. मजकुराची कमतरता नंतर एखाद्या कोर्सने भरून काढता येते. सुपरव्हिजन मागच्या तारखेने मिळत नाही. म्हणून हा लेख तिकीट काढलेल्यांपेक्षा जास्त त्यांच्यासाठी आहे, जे आज धुळ्याच्या एखाद्या क्लिनिकमध्ये किंवा अमळनेरच्या एखाद्या संस्थेत काम करताहेत आणि दोन-तीन वर्षांनी जायचं म्हणताहेत.

## १. आधी परवाना निवडा, मग देश

"परदेशात सायकॉलॉजिस्टचं लायसन्स" अशी एक वस्तू कुठेच नसते. प्रत्येक ठिकाणी कायद्याने राखून ठेवलेली पदनामं वेगळी आणि त्यांच्या अटी वेगळ्या.

ऑस्ट्रेलियात सायकॉलॉजिस्ट व्हायला सहा वर्षांचं शिक्षण आणि प्रशिक्षण धरतात, त्यामुळे आपलं तीन अधिक दोन तिथे सुरुवातीलाच तोकडं पडतं. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', 'कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' अशी नावं एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाहीत आणि त्यांची पातळी डॉक्टरेटची आहे. तिथे नुसतं 'कौन्सेलर' हे नाव मात्र कायद्याने राखलेलं नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. टेक्सासमध्ये एलपीसी, म्हणजे परवानाधारक समुपदेशक, व्हायचं तर ६० सेमिस्टर क्रेडिटची मास्टर्स आणि त्यानंतर ३००० तासांचं सुपरव्हिजनखालचं काम लागतं.

ऑन्टारिओत आपल्यासारख्यांना जवळची वाट आहे ती 'रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट' या परवान्याची. तो देते कॉलेज ऑफ रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट्स ऑफ ऑन्टारिओ, म्हणजे सीआरपीओ. नावात कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नाहीत. आपल्याकडे मेडिकल कौन्सिल असते तशी ही नियामक संस्था आहे. सायकोथेरपी कायदा २००७ चा, संस्था प्रत्यक्ष सुरू झाली १ एप्रिल २०१५ रोजी. पात्रतेची पातळी मास्टर्सची आहे, पीएच.डी.ची नाही. बाकीचा लेख याच एका परवान्याबद्दल आहे.

इथे एक इशारा. ऑन्टारिओत 'सायकॉलॉजिस्ट' हे नाव वेगळ्या कॉलेजच्या अखत्यारीत येतं आणि ती मुख्यतः डॉक्टरेटवाल्यांची वाट आहे. भारतात तुम्ही कार्डावर, फेसबुकवर, क्लिनिकच्या पाटीवर 'सायकॉलॉजिस्ट' लिहीत असाल, तर विमानात बसण्याआधी ते सगळीकडून काढा. ऑन्टारिओत नोंदणीशिवाय ते नाव लावणं कायद्याविरुद्ध आहे, आणि 'सायकोथेरपिस्ट'चंही तसंच. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी असली तरी फरक पडत नाही. तिचा उपयोग तुमच्या प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून होतो, परवाना म्हणून नाही.

## २. पदवी: पातळी वेगळी, मजकूर वेगळा

पदवीची तपासणी दोनदा होते आणि दोन्ही वेळा प्रश्न वेगळा असतो. ही गोष्ट समजली नाही की पुढचं सगळं चुकतं.

पहिली तपासणी डब्ल्यूईएससारखी मूल्यांकन संस्था करते. तिचा प्रश्न एवढाच: ही पदवी खरी आहे का, आणि कॅनडातल्या कोणत्या पातळीची आहे? आपल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या एम.ए.ला साधारणपणे मास्टर्सची पातळी मिळते. तो अहवाल हातात पडला की पुष्कळ जण घरी पेढे वाटतात. पण त्या संस्थेने तुमच्या विषयांत सायकोथेरपी होती की नव्हती हे पाहिलेलंच नसतं.

ते पाहते सीआरपीओ, आणि ती दुसरी तपासणी. ऑन्टारिओत मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांची यादी आहे. आपलं विद्यापीठ तिच्यात नाही, म्हणून तुम्हाला 'मॅपिंग' करावं लागतं. सायकोथेरपिस्टला सुरुवातीला काय काय यायला हवं याचा एक आराखडा ठरलेला आहे. त्याचे पाच भाग आहेत: पायाभूत ज्ञान, सहकाऱ्यांशी आणि इतर व्यावसायिकांशी संबंध, व्यावसायिक जबाबदाऱ्या, प्रत्यक्ष उपचारप्रक्रिया, आणि संशोधन वाचण्याची-वापरण्याची क्षमता. तुमचा कोणता पेपर यातल्या कशाला लागू पडतो ते तुम्ही दाखवायचं आणि पुरावा म्हणून त्या पेपरचा सविस्तर अभ्यासक्रम जोडायचा.

आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं किंवा आपल्याकडचं कुठलंही सर्वसाधारण एम.ए. सायकॉलॉजी डोळ्यांसमोर आणा. संशोधन पद्धती आहे, संख्याशास्त्र आहे, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत आहेत, मनोविकृतीशास्त्र आहे. म्हणजे पहिला आणि पाचवा भाग चांगला भरतो. समुपदेशनाचा पेपर असेल तर चौथ्याचा काही भाग भरतो. रिकामे राहतात ते व्यावसायिक जबाबदाऱ्या, म्हणजे नीतिनियम, नोंदी, गोपनीयता, आणि 'सेफ अँड इफेक्टिव्ह यूज ऑफ सेल्फ' नावाची एक गोष्ट. थेरपिस्टने स्वतःच्या भावना, पूर्वग्रह, जुन्या जखमा ओळखून त्या उपचारात आड येऊ न देणं, हे त्यात अपेक्षित आहे. आपल्या एम.ए.त हे वेगळं शिकवलं जात नाही, आणि ऑन्टारिओत त्याचा स्वतंत्र पुरावा मागतात. त्याशिवाय एकूण किमान ३६० तासांचं शिक्षण सायकोथेरपीच्या गाभ्याशी संबंधित असावं लागतं. औद्योगिक मानसशास्त्राचा पेपर कितीही गुणांनी सुटला असला तरी या ३६० तासांत तो धरता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की एम.ए. अजून सुरू असेल तर समुपदेशन किंवा क्लिनिकल गट घ्या. झालं असेल तर घाईने दुसरी पदवी घेऊ नका. आधी मॅपिंगचा तक्ता स्वतः भरून बघा, कुठे भोकं आहेत ते पक्कं करा, आणि तेवढ्याच विषयांचा, तासांची लेखी नोंद देणारा, प्रत्यक्ष कौशल्यं शिकवणारा कोर्स शोधा. "ऑनलाइन डिप्लोमा, तीन दिवसांत प्रमाणपत्र" छापाच्या जाहिरातींना पैसे देऊ नका. त्या प्रमाणपत्रावर ना तास असतात ना शिकवणाऱ्याची पात्रता. एम.ए. बहिःस्थ पद्धतीने केलं असेल आणि प्रात्यक्षिक नावापुरतं झालं असेल, तर भोकं मोठी निघतील. तेव्हा कॅनडातल्या मान्यताप्राप्त मास्टर्सला प्रवेश घेणं महाग असलं तरी सरळ पडतं.

## ३. कागदपत्रं: विद्यापीठातून एकाच फेरीत काय काय आणायचं

एकदा परदेशी गेलात की जळगावच्या परीक्षा विभागातला एक कागदसुद्धा कुणा नातेवाइकाला रजा काढायला लावतो. म्हणून निघण्याआधी हे सगळं जमवा:

- दोन्ही पदव्यांची सर्व सत्रांची ट्रान्सक्रिप्ट्स. डब्ल्यूईएसकडे ती विद्यापीठाने थेट पाठवायची असतात. तुम्ही स्वतः पोस्टात टाकलेली चालत नाहीत.
- पदवी प्रमाणपत्रं, नुसतं प्रोव्हिजनल नाही.
- तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम, प्रत्येक पेपरचा, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आज दिसतो तो अभ्यासक्रम तुमचा असेलच असं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची नावं आणि क्रेडिट दोन्ही बदलले आहेत.
- अभ्यासक्रम मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर.
- प्रात्यक्षिकाचं जर्नल, केस रिपोर्ट, फील्डवर्कचं पत्र. रद्दीत घालू नका.
- शिक्षणाचं माध्यम सांगणारं पत्र, आणि लागल्यास इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल.
- आरसीआय किंवा अन्य नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र.

दोन ठिकाणी आपल्या लोकांचे कागद हमखास अडकतात. पहिलं विद्यापीठाचं नाव. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. बी.ए.च्या प्रमाणपत्रावर जुनं नाव आणि आत्ता काढलेल्या ट्रान्सक्रिप्टवर नवं नाव असेल, तर दोन्ही एकच असल्याचं विद्यापीठाचं पत्र सोबत ठेवा. दुसरं तुमचं स्वतःचं नाव. माहेरचं नाव पदवीवर, सासरचं पासपोर्टवर, आणि मार्कशीटवर आडनाव आधी की नंतर याचा मेळ नाही. राजपत्रातली नावबदलाची प्रत आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा. पुढे सुपरव्हायझरच्या पत्रातही पासपोर्टवरचंच नाव लिहून घ्या.

## ४. तास: कोणते मोजतात, कोणते नाही

पूर्ण नोंदणीसाठी सीआरपीओ मागते ४५० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे आणि १०० तास क्लिनिकल सुपरव्हिजनचे. कुणाच्याही सुपरव्हिजनशिवाय स्वतंत्र काम करायचं असेल तर एकूण १००० आणि १५०. या आकड्यांत आधीचे ४५० आणि १०० धरलेले आहेत, ते वेगळे नाहीत.

४५० ऐकून आपल्याकडची माणसं म्हणतात, "एवढंच? मी तर तीन वर्षं रोज आठ तास बसतेय." पण नोकरीचे तास म्हणजे क्लायंटचे तास नव्हेत. तुम्ही आणि क्लायंट उपचाराच्या प्रक्रियेत थेट, औपचारिकपणे गुंतलेले असाल तोच वेळ मोजायचा. व्यक्ती, जोडपं, कुटुंब, गट, सगळं चालतं. फोनवर किंवा व्हिडिओवर झालेलं सत्रही चालतं. पहिल्या भेटीतली माहिती घेणं, म्हणजे इनटेक, हेही त्यात बसतं.

बसत नाही ते असं: नोंदी लिहिणं, भेटीच्या वेळा ठरवणं, डॉक्टरांशी केसबद्दल बोलणं, दुसऱ्याचं सत्र नुसतं बसून बघणं. शाळेत जाऊन 'परीक्षेचा ताण' या विषयावर दोनशे मुलांपुढे दिलेलं व्याख्यानही नाही. आणि आपल्याकडच्या एम.ए.वाल्यांना सगळ्यात जड जाणारा भाग म्हणजे चाचण्या. बुद्ध्यांक, व्यक्तिमत्त्व चाचणी, गुणांकन, अहवाल, हे जर प्रामुख्याने चाचणी देणं आणि रिपोर्ट लिहिणं असेल आणि मुलाखतीचा भाग नगण्य असेल, तर ते तास जमेस धरत नाहीत. जळगाव-धुळ्यात मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात एम.ए. झालेल्यांना मुख्यतः हेच काम मिळतं. तिथे नोकरी धरतानाच डॉक्टरांशी बोलून आठवड्याचे काही तास नियमित थेरपीसाठी मागून घ्या. "सर, अहवाल मी करतेच, पण पाच पेशंट मला सत्रांसाठी द्या" एवढं म्हटलं की बहुतेक जण देतात, कारण त्यांनाही वेळ नसतो.

सत्र कोणत्या भाषेत झालं हे या व्याख्येत येत नाही. अमळनेरच्या आजीबाईंशी अहिराणीत झालेला तास हा तासच आहे. फक्त तुमची नोंदवही इंग्रजीत ठेवा. तिच्यात क्लायंटचं नाव लिहायचं नाही, सांकेतिक क्रमांक घाला. तारीख, सत्र किती मिनिटांचं, वैयक्तिक की गट, एकूण किती झाले. चाळीस मिनिटांचं सत्र झालं तर चाळीस मिनिटंच लिहा, त्याला तास करू नका. नंतर नोंदवही आणि सुपरव्हायझरचं पत्र यांचा मेळ बसला नाही, की शंका एका नोंदीवर न राहता सगळ्या नोंदवहीवर येते.

## ५. सुपरव्हिजन: इथेच गाडी अडते

गणित करून बघा. ४५० ला १००, म्हणजे दर साडेचार क्लायंट तासांमागे एक तास सुपरव्हिजनचा. आठवड्याला १० तास सत्रं घेत असाल तर ४५ आठवड्यांत ४५० होतात, आणि त्या प्रत्येक आठवड्यात साधारण सव्वादोन तास सुपरव्हिजन हवं. खानदेशात कुठल्या संस्थेत हे ठरवून मिळतं? जवळजवळ कुठेच नाही. म्हणून लोकांच्या नोंदवहीत क्लायंटचे हजार तास असतात आणि सुपरव्हिजनचा रकाना कोरा असतो.

वरिष्ठांनी केबिनच्या दारात उभ्या उभ्या "ती शिरपूरची केस कशी आहे गं?" म्हणून विचारणं हे सुपरव्हिजन नाही. संस्थेची सोमवारची मीटिंग, जिथे हजेरी आणि अनुदानाचा हिशोब होतो, तीही नाही. क्लिनिकल सुपरव्हिजनमध्ये उपचार कोणत्या दिशेने चालला आहे, तुमचं आणि क्लायंटचं नातं कसं आहे, त्यात तुमच्या स्वतःच्या मनाचं काय चाललं आहे आणि क्लायंट सुरक्षित आहे ना, यावर ठरवून बोलणं होतं. दोघांमध्ये तसा लेखी करार असतो.

सुपरव्हायझर कोण, यालाही अटी आहेत. ऑन्टारिओत त्या व्यक्तीला सायकोथेरपी करण्याचा कायदेशीर अधिकार, पाच वर्षांचा भरीव क्लिनिकल अनुभव आणि सुपरव्हिजन कसं करायचं याचं ३० तासांचं शिक्षण लागतं. प्रांताबाहेर मिळालेल्या सुपरव्हिजनसाठी याच तोडीची पात्रता पाहतात. तिसरी अट आपल्याकडे सहसा तुटते. तुमच्या मॅडमना पंचवीस वर्षांचा अनुभव असेल, पण सुपरव्हिजनचं म्हणून त्यांनी काही शिकलेलं नसेल.

तेव्हा करायचं काय, तर आजच या क्रमाने:

पहिलं, सध्याच्या ठिकाणी अनुभवी, नोंदणीकृत कुणी असेल तर त्यांना या तीन अटी दाखवा आणि विचारा. आपल्याकडे ज्येष्ठांना पात्रता विचारणं अवघड वाटतं, मला कळतं. "सर, तिकडे फॉर्ममध्ये तुमची माहिती भरायची आहे" असं म्हणून विचारा, कुणी रागावत नाही. दुसरं, तसं कुणी नसेल तर पुणे, मुंबई, नाशिक किंवा बंगळुरूमधला पात्र सुपरव्हायझर व्हिडिओवर घ्या. पैसे द्यावे लागतील. गटात घेतलं तर स्वस्त पडतं, पण सगळंच गटात घेऊ नका, निम्मं तरी एकट्याने घ्या, कारण तिथेच तुमच्या केसवर खोल बोलणं होतं. तिसरं, पहिल्याच महिन्यात सुपरव्हायझरचा बायोडेटा, नोंदणी क्रमांक आणि दोघांच्या सहीचा करार फाइलला लावा, आणि दर सहा महिन्यांनी तासांच्या पत्रकावर सही घ्या. माणसं बदली होतात, निवृत्त होतात, संस्था बंद पडतात. चार वर्षांनी टोरंटोहून फोन करून "मॅडम, तेव्हाचे तास लिहून द्या ना" म्हणण्याची वेळ येऊ देऊ नका. आणि कुणी प्रेमापोटी न झालेले तास लिहून देतो म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. खोटं पत्र सापडलं तर प्रश्न अर्जापुरता राहत नाही, तुमच्या चारित्र्याचा होतो, आणि तो पुढच्या प्रत्येक अर्जात निघतो.

## ६. एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, चाळीसगावची एक मुलगी आहे. बी.ए. आणि एम.ए. सायकॉलॉजी जळगावच्या विद्यापीठातून, एम.ए.ला समुपदेशनाचा गट. नंतर दोन वर्षं धुळ्याच्या एका दवाखान्यात नोकरी, आठवड्याला ४० तास. ती म्हणते, माझ्याकडे साडेतीन हजारांवर तास आहेत.

आठवडा सोडवून बघू. चाचण्या आणि अहवाल १६ तास, डॉक्टरांसोबत बसून हिस्ट्री लिहून घेणं ८ तास, फोन-नोंदी ६ तास. उरले १० तास, ती खरी सत्रं. वर्षाला ४५ कामाचे आठवडे धरले तर दोन वर्षांत ९०० तास होतात. ४५० च्या दुप्पट! पण सुपरव्हिजन शून्य. या ९०० तासांचा उपयोग अनुभवाचं पत्र म्हणून होईल, पण अर्जातले सुपरव्हिजनखालचे तास म्हणून मी ते धरणार नाही.

आता ती तिसऱ्या वर्षी वेगळं काम करते. पुण्यातल्या पात्र सुपरव्हायझरशी करार करते आणि आठवड्याला एक तास घेते, कारण तेवढंच परवडतं. ४४ आठवड्यांत तिचं सुपरव्हिजन ४४ तास होतं. त्याच प्रमाणात ती केसेसही मोजक्याच घेते, आठवड्याला सुमारे चार तास, म्हणजे वर्षाचे साधारण १८०. त्याच वर्षात ती मॅपिंगमधलं भोक भरायला नीतिनियम आणि 'यूज ऑफ सेल्फ' यांचा, तासांची लेखी नोंद देणारा कोर्स करते.

ऑन्टारिओत पोचल्यावर तिला उरतात २७० क्लायंट तास आणि ५६ सुपरव्हिजन तास. तिथे 'क्वालिफाइंग', म्हणजे तास भरेपर्यंतच्या पहिल्या टप्प्यातल्या, नोंदणीवर तिला एका समाजसंस्थेच्या केंद्रात आठवड्याला आठ तास सत्रं मिळाली, तर ३४ आठवडे लागतील. सुपरव्हिजन आठवड्याला पावणेदोन तास घेतलं तर तेही त्याच मुदतीत संपतं. म्हणजे वर्षाच्या आत ती परीक्षेसह पूर्ण नोंदणीपर्यंत येऊ शकते. तिसऱ्या वर्षातली ती तजवीज केली नसती, तर ऑन्टारिओच्या सुपरव्हायझरच्या दराने तिला पूर्ण १०० तास विकत घ्यावे लागले असते, आणि तो दर रुपयांत मोजला की छाती दडपते.

## ७. अर्ज आणि क्वालिफाइंग नोंदणी

सगळे तास होईपर्यंत थांबायचं नसतं. शिक्षणाची अट पूर्ण असेल तर आधी रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट (क्वालिफाइंग) म्हणून नोंदणी मिळते. तिच्यावर तुम्ही सुपरव्हिजनखाली काम करू शकता आणि राहिलेले तास भरू शकता. त्यासाठी मॅपिंगचा अर्ज, पदवीचं मूल्यांकन, भाषेचा पुरावा आणि कायदा-व्यवहाराचा एक ऑनलाइन अभ्यास पूर्ण करावा लागतो. कॅनडात काम करण्याची कायदेशीर परवानगीही हवी. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, मिळाला म्हणजे परवाना मिळाला असं नाही, आणि परवान्याने पीआर मिळत नाही. दोन्ही फायली वेगळ्या चालतात.

मॅपिंगच्या अर्जात मोघम लिहू नका. "समुपदेशन कौशल्ये, पेपर क्रमांक अमुक" एवढ्याने तपासणाऱ्याला काही कळत नाही. कोणत्या घटकात काय शिकवलं, किती तास, प्रात्यक्षिकात काय केलं, अभ्यासक्रमाच्या कितव्या पानावर आहे, हे लिहा. एकच पेपर सगळ्या रकान्यांत कोंबला तर अर्ज कमकुवत दिसतो.

नोंदणी येईपर्यंत काय करायचं? सायकोथेरपी ही 'नियंत्रित कृती', म्हणजे कायद्याने नोंदणीकृतांसाठी राखलेलं काम आहे, ते करता येत नाही, पण प्रत्येक समुपदेशन त्या कृतीत मोडत नाही. नवीन स्थलांतरितांना मार्गदर्शन, महिला आधार केंद्र, शाळेनंतरचे उपक्रम, संकटकाळची हेल्पलाइन अशी कामं मिळतात. त्यातून तिथली कागदपद्धत, इंग्रजीतल्या नोंदी, पोलीस आणि रुग्णालयाशी बोलण्याची रीत अंगवळणी पडते.

## ८. परीक्षा: पाठांतर नव्हे, तिथला कायदा

परीक्षा कंपास नावाची संस्था घेते. प्रश्न बहुपर्यायी असतात आणि बरेचसे एखाद्या केसवर आधारलेले. प्रयत्न मोजकेच मिळतात, म्हणून 'एकदा बसून बघू' असं करू नका.

सिद्धांतात आपली मुलं कमी पडत नाहीत. पडतात ती निर्णयाच्या प्रश्नात, कारण उत्तर मनातल्या मनात धुळ्याच्या दवाखान्यातून देतात. तीन नमुने सांगते.

सतरा वर्षांची मुलगी एकटी आली आहे, आईवडिलांना सांगू नका म्हणते. आपल्याकडे आधी पालकांना बोलावलं जातं. ऑन्टारिओच्या १९९६ च्या आरोग्यसेवा संमती कायद्यात संमतीचं ठरावीक वय नाही. तिला उपचार म्हणजे काय आणि त्याचे परिणाम समजतात का, हे पाहायचं. समजत असतील तर संमती तिची.

क्लायंटचा मोठा भाऊ फोन करून विचारतो, "येतो ना तो नियमित? सुधारणा आहे का?" आपल्याकडे काळजीने विचारलं म्हणून दोन शब्द सांगतात. तिथे क्लायंटच्या परवानगीशिवाय तो तुमच्याकडे येतो एवढंही सांगायचं नाही.

मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय. आपल्याला पॉक्सो माहीत असतो, अठरा वर्षांखालची मर्यादा पाठ असते. ऑन्टारिओत सक्तीने कळवण्याची मर्यादा सोळा वर्षांखालची आहे, कळवायचं बालसंरक्षण संस्थेला, ताबडतोब आणि स्वतः. वरिष्ठांना सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली असं तिथे होत नाही. पर्यायांमध्ये "सुपरव्हायझरशी चर्चा करून ठरवीन" हे उत्तर सभ्य दिसतं आणि म्हणूनच फसवतं.

तयारी करताना आराखड्यातली प्रत्येक क्षमता घ्या आणि तुमच्या स्वतःच्या एका जुन्या केसवर ती लावून बघा: ऑन्टारिओत असते तर मी इथे काय वेगळं केलं असतं? नीतिनियमांचे प्रश्न असे सोडवलेले लक्षात राहतात.

## ९. नकार आला तर, आणि नोंदणीनंतर

अर्ज सरळ नामंजूर होण्यापेक्षा जास्त वेळा तो नोंदणी समितीच्या पॅनेलकडे जातो, आणि पॅनेल अमुक विषयात अमुक प्रशिक्षण घ्या असं लेखी सांगतं. ते पत्र शांतपणे वाचा. त्यात नेमकं काय कमी आहे ते दिलेलं असतं, आणि तेवढं भरून पुन्हा जाता येतं. निर्णय चुकीचा वाटत असेल तर हेल्थ प्रोफेशन्स अपील अँड रिव्ह्यू बोर्ड या स्वतंत्र मंडळाकडे दाद मागता येते. त्यासाठी मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून पत्राची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

पूर्ण नोंदणी मिळाली तरी १००० आणि १५० होईपर्यंत सुपरव्हिजन चालूच ठेवावं लागतं. वरच्या उदाहरणातल्या मुलीला तेव्हा ५५० क्लायंट तास आणि ५० सुपरव्हिजन तास उरलेले असतील, म्हणजे दर अकरा तासांमागे एक. पहिल्या टप्प्यापेक्षा हा भार हलका आहे. स्वतःचं क्लिनिक टाकलं तरी या काळात ठरलेला सुपरव्हायझर हवाच. तेव्हा भाडेकरार करण्याआधी सुपरव्हिजनचा खर्च महिन्याच्या हिशोबात धरा, आणि नोंदवही बंद करू नका. जळगावात सुरू केली होती तीच, त्याच रकान्यांची, पुढे चालू ठेवा.